दुसरे ॲम्प्यूल न देण्याचा निर्णय: भुलीनंतर न सुटलेल्या शिथिलतेचे एक प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधील एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयात घडले. भूल मी दिली होती, त्यामुळे येथे नोंदवलेल्या चुकाही माझ्याच आहेत. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. औषधे, मात्रा आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

रुग्ण आणि पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार कुटुंबातील 37 वर्षांची महिला डिसेंबरच्या एका रात्री पोटदुखी, उलट्या आणि ताप घेऊन आली. वजन 50 किलो होते. सोनोग्राफीत अपेंडिक्स फुटल्याची शंका होती आणि शल्यचिकित्सकांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया करण्याचे ठरवले. पूर्वीचा कोणताही आजार नाही, औषधे चालू नाहीत, यापूर्वी भूल घेतलेली नाही, असे नातेवाइकांनी सांगितले. दोन्ही पापण्या किंचित जड दिसत होत्या. दोन रात्री झोप नाही, ताप आहे, असा अर्थ मी लावला आणि पुढे गेलो.

पोट भरलेले आणि उलट्या चालू, त्यामुळे झटपट नळी घालणे आवश्यक होते. रात्री 10 वाजून 40 मिनिटांनी फेंटानिल आणि प्रोपोफॉलनंतर सक्सिनिलकोलिन 75 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे दीड मिलिग्रॅम दिले. एवढ्या मात्रेनंतर जबडा पूर्ण सैल व्हायला हवा. तो अर्धवटच सैल झाला आणि नळी घालताना थोडा जोर लावावा लागला. सात मिनिटांनी कॅप्नोग्राफच्या पडद्यावर रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाची खाच दिसू लागली. त्यानंतर ॲट्राक्युरियम 25 मिलिग्रॅम दिले. सव्वाअकराच्या सुमारास, पोटात पू आढळल्यामुळे, शल्यचिकित्सकांच्या सूचनेवरून ॲमिकासिन 750 मिलिग्रॅम सलाइनमधून सुरू झाले.

शस्त्रक्रिया मध्यरात्रीला दोन मिनिटे कमी असताना संपली. ॲट्राक्युरियमची एवढी मात्रा बहुतेकांना अर्ध्यापाऊण तासाने कमी पडू लागते आणि पोट पुन्हा ताठ होऊ लागते, म्हणून आपण पाच-दहा मिलिग्रॅमची भर घालतो. या रुग्णाला सत्तर मिनिटांत एकदाही भर लागली नाही. ‘पोट छान सैल आहे’ असे शल्यचिकित्सक म्हणाले तेव्हा मला बरे वाटले होते. खरे तर त्याच क्षणी मी स्वतःला ‘इतके सैल का?’ असे विचारायला हवे होते.

अडचण

बारा वाजून पाच मिनिटांनी नेहमीचे रिव्हर्सल दिले: निओस्टिग्मिन 2.5 मिलिग्रॅम आणि ग्लायकोपायरोलेट 0.5 मिलिग्रॅम, दोन्ही एकाच ॲम्प्यूलमध्ये येणारे. शिथिलता किती उरली आहे हे मोजल्याशिवाय, केवळ घड्याळ पाहून ते दिले.

दहा मिनिटांनंतर रुग्ण जागी होत होती, पण शरीर साथ देत नव्हते. एका श्वासात जेमतेम 140 ते 180 मिलिलीटर हवा जात होती. श्वास घेताना छाती आत ओढली जाई आणि पोट वर येई. पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. हात दाबायला सांगितल्यावर बोटे हलत, पण पकड येत नव्हती, आणि डोके उचलता येत नव्हते. कपाळावर घाम होता आणि नाडी 118 होती. या स्थितीतला माणूस सगळे ऐकत असतो, हे मी कधी विसरू नये असे मला वाटते. मी कानाजवळ वाकून सांगितले, “ताई, ऑपरेशन झालं आहे. नळी अजून काढायची नाही. श्वास मशीन देतंय, तुम्ही घाबरू नका.” दोन दिवसांनी त्यांनी मला हेच शब्द जवळजवळ तसेच ऐकवले.

मग नर्व्ह स्टिम्युलेटर शोधून आणला. तो कपाटात होता, ट्रॉलीवर नव्हता. मनगटाजवळच्या अल्नर नसेला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार झटके दिले असता अंगठा चारही वेळा हलला, पण प्रत्येक हालचाल आधीच्यापेक्षा दुबळी होती. ही उतरती भाजणी नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसत होती, आणि त्यालाच महत्त्व होते. चौथ्या हालचालीचे पहिलीशी असलेले प्रमाण 0.4 च्या वर गेले की अनुभवी डोळ्यालाही ही उतरण ओळखता येत नाही. नळी काढण्यासाठी मात्र ते किमान 0.9 असावे लागते. म्हणजे डोळ्यांना उतरण दिसते आहे याचा अर्थ रुग्ण सुरक्षित पातळीपासून बराच दूर आहे.

दुसरे ॲम्प्यूल द्यायचे का?

पहिला निर्णय येथे होता. सहायक डॉक्टरांनी दुसरे ॲम्प्यूल फोडायची तयारी केली होती. आपल्याकडे ही सवय इतकी रुळलेली आहे की तिची कारणमीमांसा थोडी सविस्तर मांडतो.

निओस्टिग्मिन स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाला हातही लावत नाही. नसेच्या टोकाकडून सुटणारे ॲसिटिलकोलिन स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. काम झाले की कोलिनएस्टरेज हे विकर त्याचे तत्काळ तुकडे करते. ॲट्राक्युरियम त्याच रिसेप्टरवर जागा अडवून बसते. निओस्टिग्मिन कोलिनएस्टरेजच्या क्रियास्थानी कार्बामिल गट जोडून ते काही काळ निकामी करते, ॲसिटिलकोलिन साचते आणि संख्येच्या बळावर ॲट्राक्युरियमला जागेवरून हटवते. हा कार्बामिल गट हळूहळू आपोआप सुटतो आणि विकर पुन्हा कामाला लागते, म्हणून या औषधाला उलटता येणारे अँटिकोलिनएस्टरेज म्हणतात.

यातूनच त्याची मर्यादा ठरते. नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचे जवळजवळ सगळे कोलिनएस्टरेज एकदा बंद पडले की अधिक निओस्टिग्मिनला बंद करण्यासारखे काही उरत नाही. ॲसिटिलकोलिन किती साचेल याला छत आहे, आणि रिसेप्टरवर ॲट्राक्युरियमची गर्दी त्याहून जास्त असेल तर कितीही ॲम्प्यूल फोडली तरी पारडे फिरत नाही. म्हणूनच रिव्हर्सलची कमाल मात्रा किलोमागे 0.07 मिलिग्रॅम किंवा एकूण 5 मिलिग्रॅम, यांपैकी जी कमी ती, अशी ठरलेली आहे. या रुग्णासाठी ती 3.5 मिलिग्रॅम होती. 2.5 आधीच गेले होते. दुसरे पूर्ण ॲम्प्यूल तिला 5 मिलिग्रॅमवर नेऊन ठेवले असते.

शिवाय औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण दहा मिनिटे लागतात, आणि शिथिलता खोल असेल तर पुरेशी ताकद यायला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणजे दहाव्या मिनिटाला ‘काम झाले नाही’ म्हणणे थोडे घाईचे होते. पण मला जास्त भीती उलट बाजूची होती. ॲसिटिलकोलिन गरजेपेक्षा जास्त साचले तर स्नायू सतत उद्दीपित राहून स्वतःच दुबळे पडतात, घशाचे स्नायू ढिले होतात, आणि एका कमजोरीवर दुसरी कमजोरी चढते. लाळ, घाम, पोटात कळा, मंद नाडी ही अशा अतिरेकाची नेहमीची चिन्हे. पण ती ग्लायकोपायरोलेटने झाकून टाकलेली असतात, आणि बाहुल्या बारीक आहेत का हे पाहावे तर फेंटानिलही त्या बारीक करते. म्हणजे दुसरी मात्रा देऊन मी चूक केली असती तर ती ओळखण्याची साधनेही माझ्याकडे नव्हती.

समोर पर्याय चार होते. पहिला, उरलेल्या मर्यादेतले एक मिलिग्रॅम देऊन पाहणे. दुसरा, शुद्धी आली आहे म्हणून नळी काढून मास्कने श्वास देणे. श्वासातली हवा पाहता हा धोका घेण्यासारखा नव्हता. तिसरा, सुगामाडेक्स. हे सायक्लोडेक्स्ट्रिन जातीचे औषध रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम या स्टेरॉइड जातीच्या रिलॅक्संटना अक्षरशः आपल्या पोकळीत कोंडून घेते, त्यामुळे त्याला ॲसिटिलकोलिनची मदत लागत नाही आणि निओस्टिग्मिनचे छतही लागू होत नाही. पण ॲट्राक्युरियम बेंझिलआयसोक्विनोलिनियम जातीचे आहे. ते त्या पोकळीत बसत नाही. रात्री साडेबारा वाजता कोणीतरी धावपळ करून सुगामाडेक्स आणले असते तरी त्याचा उपयोग शून्य होता. रुग्णाला शिथिल करताना कोणत्या जातीचे औषध निवडले, यावर शेवटी कोणता मार्ग उघडा राहतो हे ठरते. मी ॲट्राक्युरियम निवडले तेव्हाच तो मार्ग बंद झाला होता.

चौथा पर्याय निवडला: निओस्टिग्मिन आणखी द्यायचे नाही, नळी तशीच ठेवायची, प्रोपोफॉलची हलकी धार सुरू करून रुग्णाला झोपवायचे, व्हेंटिलेटरवर घ्यायचे आणि वाट पाहायची. वाट पाहणे येथे हात टेकणे नव्हते. ॲट्राक्युरियम यकृत किंवा मूत्रपिंडांवर अवलंबून नाही. शरीराच्या तापमानाला आणि आम्लतेच्या पातळीला त्याचे रेणू आपोआप फुटतात, ज्याला हॉफमन एलिमिनेशन म्हणतात, आणि काही भाग रक्तातील सामान्य एस्टरेज फोडतात. साधारण वीस मिनिटांत त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर येते.

मात्र ‘शरीराच्या तापमानाला’ ही अट आहे. रुग्णाचे तापमान घेतले तर 34.9 अंश भरले. निफाडची डिसेंबरची थंडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. त्यात शस्त्रक्रियागृहातले वातानुकूलन आणि पोट धुण्यासाठी वापरलेले न तापवलेले सलाइन. थंड शरीरात हॉफमनची क्रिया मंदावते. म्हणून गरम हवेचे पांघरूण घातले, सलाइन कोमट केले आणि रक्तातले वायू व क्षार तपासले. पोटॅशियम 3.4 होते, ते भरून काढायला सुरुवात केली.

कारणाचा शोध

अतिदक्षता विभागात नेल्यावर पहाटेपर्यंत तीन शंकांचा विचार केला.

पहिली शंका नाशिक जिल्ह्यात यावीच अशी होती. पतीने सांगितले की तीन दिवसांपूर्वी बागेत कीटकनाशकाची फवारणी झाली होती आणि त्या दिवशी रुग्णही बागेतच काम करत होती. ऑर्गॅनोफॉस्फेट हेही अँटिकोलिनएस्टरेजच आहेत, फक्त त्यांचा फॉस्फेट गट विकरावरून सहजी सुटत नाही. रक्तातील स्यूडोकोलिनएस्टरेजही त्यामुळे घटते, आणि सक्सिनिलकोलिन फोडण्याचे काम तेच करते. ते जन्मतः सदोष असले किंवा विषामुळे घटले, तर पाच-दहा मिनिटांचे सक्सिनिलकोलिन तासन्तास टिकते. आणि सक्सिनिलकोलिनची शिथिलता निओस्टिग्मिनने सुटत नाही, उलट लांबते. सक्सिनिलकोलिन रिसेप्टर अडवत नाही, ते स्वतःच ॲसिटिलकोलिनची नक्कल करून त्याला सतत उद्दीपित ठेवते. त्यात आणखी ॲसिटिलकोलिन साचवणे म्हणजे भर घालणे. शिवाय निओस्टिग्मिन स्यूडोकोलिनएस्टरेजलाही रोखते, म्हणजे सक्सिनिलकोलिन फोडणारा उरलासुरला हातही बांधला जातो.

ही शंका दोन गोष्टींनी मिटली. सक्सिनिलकोलिननंतर सातव्या मिनिटाला रुग्णाचा स्वतःचा श्वास दिसला होता आणि त्यानंतरच ॲट्राक्युरियम दिले होते. म्हणजे सक्सिनिलकोलिन वेळेत उतरले होते. कॅप्नोग्राफवरची ती लहानशी खाच मी भूलपत्रकावर वेळेसह लिहिली नसती तर मध्यरात्री माझ्यापाशी हा पुरावा नसता. दुसरी गोष्ट स्यूडोकोलिनएस्टरेजची तपासणी. सहायक डॉक्टर ताजे रक्त घेणार होते. पण निओस्टिग्मिन दिल्यानंतरच्या रक्तात ही पातळी आमच्याच औषधामुळे कमी दिसली असती आणि आम्ही विषबाधेच्या मागे लागलो असतो. म्हणून प्रयोगशाळेत फोन करून संध्याकाळी, शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेला नमुना शोधायला सांगितले. तो फ्रीजमध्ये होता. त्यातली पातळी सामान्य आली.

दुसरी शंका ॲमिकासिनची होती. अमिनोग्लायकोसाइड जातीची प्रतिजैविके नसेच्या टोकाकडून सुटणारे ॲसिटिलकोलिन कमी करतात आणि रिलॅक्संटचा परिणाम वाढवतात. नेमके असे असेल तर निओस्टिग्मिनचा भरवसा धरता येत नाही, कारण जे सुटतच नाही ते साचणार कसे? कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिलिलीटर हळूहळू दिले. अंगठ्याच्या हालचालीत डोळ्यांना फरक दिसला नाही. ॲमिकासिनची पुढची मात्रा रद्द करून शल्यचिकित्सकांशी बोलून दुसरे प्रतिजैविक ठरवले.

तिसरी शंका पहाटे पाच वाजता मनात आली. तोपर्यंत शरीर 36.6 अंशांवर आले होते आणि ॲट्राक्युरियम देऊन सहा तास उलटून गेले होते. वीस-वीस मिनिटांनी निम्मे होत जाणारे औषध एवढ्या वेळाने परिणाम करण्याइतके उरणे शक्य नव्हते. निओस्टिग्मिनचा अंमलही केव्हाच संपला होता. तरी चार झटक्यांना अंगठा उतरत्या क्रमानेच हलत होता. ॲमिकासिन अजून थोडे रक्तात असणार, पण एवढी उतरण एकट्या ॲमिकासिनने येणे पटेना. तेव्हा पहिल्यांदा पापण्या, अर्धवट सैल झालेला जबडा, न लागलेली भर आणि आताची ही उतरण मी एका ओळीत मांडून पाहिली.

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीर स्वतःच्याच स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलिन रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि रिसेप्टर उरतात थोडे. निरोगी स्नायूपाशी रिसेप्टरची इतकी शिल्लक असते की साधारण सत्तर टक्के अडवले तरी ताकदीत फरक दिसत नाही. मायस्थेनियात ही शिल्लक आधीच खर्च झालेली असते. म्हणून ॲट्राक्युरियमसारखी अडवणारी औषधे अशा रुग्णाला साधारण निम्म्या मात्रेतच पूर्ण शिथिल करतात. सक्सिनिलकोलिनला मात्र काम करण्यासाठी रिसेप्टर हवे असतात, ते कमी असल्याने त्याची मात्रा जास्त लागते. एकाच रुग्णात सक्सिनिलकोलिन कमी पडावे आणि ॲट्राक्युरियम जास्त व्हावे, या जोडीचे स्पष्टीकरण दुसऱ्या कोणत्याही शंकेने होत नव्हते.

निदान

सकाळी अकरा वाजता रुग्ण पूर्ण शुद्धीवर होती, डोके पाच सेकंद उचलून धरत होती आणि एका खोल श्वासात 1,300 मिलिलीटर हवा बाहेर सोडत होती. अंगठ्याची उतरण आता डोळ्यांना दिसत नव्हती. नळी काढली. मनात मायस्थेनियाची शंका असल्याने दर दोन तासांनी खोल श्वास मोजायचा, आणि तो 1,000 मिलिलीटरच्या, म्हणजे किलोमागे 20 मिलिलीटरच्या खाली जाऊ लागल्यास नळी पुन्हा घालण्याची तयारी ठेवायची, असे लिहून ठेवले. सायंकाळी चार वाजता सिस्टरांनी कळवले की आवाज नाकातून येतो आहे आणि डावी पापणी बाहुलीवर उतरली आहे. श्वास 1,050 होता. औषधाने आलेली कमजोरी ओसरत जाते. ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत नाही.

सासूबाई बाहेर बसल्या होत्या. आदल्या रात्री ‘काही आजार आहे का’ या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटले होते, कारण थकव्याला त्या घरात आजार म्हणत नव्हते. आता मी विचारले, “जेवताना कधी मधेच थांबतात का?” त्या म्हणाल्या, “सकाळी नाही. रात्रीची भाकरी चावताना हनुवटीला हात लावून बसते. बोलणं पण जड होतं.” मण्यांची विरळणी करताना मंडपाखाली हात वर धरून राहावे लागते, गेल्या वर्षीपासून दुपारनंतर हात खाली पडू लागले होते आणि सोबतच्या बायका पुढे निघून जात होत्या.

मेंदूविकारतज्ज्ञांनी पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवली. थंडाव्यात कोलिनएस्टरेज मंदावते, आणि पापणी तीन मिलिमीटर वर आली. पूर्वी यासाठी एड्रोफोनियम वापरत. ते विकराला क्षणभरच बांधते, म्हणून त्याचा परिणाम काही मिनिटांत दिसून विरतो, पण ते आपल्याकडे सहसा मिळत नाही. त्याऐवजी निओस्टिग्मिन 1.5 मिलिग्रॅम स्नायूत, सोबत ॲट्रोपिन 0.6 मिलिग्रॅम, अशी चाचणी केली जाते. येथे बर्फाच्या चाचणीनंतर तिची गरज भासली नाही. दुसऱ्या दिवशी नसेला सेकंदाला तीन या गतीने झटके दिले असता प्रतिसादात 26 टक्के घट आली. 10 टक्क्यांपलीकडची घट असामान्य मानतात. रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडांची तपासणीही पुढे सकारात्मक आली.

येथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. 1934 मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागातील सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरांनी मायस्थेनियाच्या रुग्णाला प्रथम फायसोस्टिग्मिन दिले, कारण हा आजार क्युरारच्या विषबाधेसारखा दिसतो आणि फायसोस्टिग्मिन क्युरारवर उतारा म्हणून माहीत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी निओस्टिग्मिन वापरले. आजाराचा उपचार रिलॅक्संटच्या उताऱ्यावरून सुचला होता. आमच्या रुग्णाचा आजार त्याच उताऱ्याच्या अपयशावरून सापडला.

उपचार आणि फलित

तिसऱ्या दिवशी तोंडाने खाणे सुरू झाल्यावर पायरिडोस्टिग्मिन 30 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू केले आणि आठवडाभरात 60 मिलिग्रॅम चार वेळा येथवर नेले. हे निओस्टिग्मिनचेच भावंड आहे, पण त्याचा परिणाम अधिक सावकाश आणि अधिक वेळ, साधारण तीन ते चार तास टिकतो, म्हणून रोजच्या उपचारासाठी तेच वापरतात. पायरिडोस्टिग्मिनची 60 मिलिग्रॅमची गोळी ही शिरेतून दिलेल्या निओस्टिग्मिनच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या तोडीची धरतात. म्हणजे मध्यरात्री दिलेले एक ॲम्प्यूल अशा पाच गोळ्यांएवढे होते, आणि दुसरे दिले असते तर काही मिनिटांच्या अंतराने दहा गोळ्यांएवढी मात्रा गेली असती.

पाचव्या दिवशी पोटात कळा आणि पातळ शौच सुरू झाले. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर अशा कळा आल्या की पोटात पुन्हा पू साचला का, हा विचार प्रथम येतो. सोनोग्राफी स्वच्छ आली आणि ताप नव्हता. सिस्टरांनी वेळा लिहून ठेवल्या तेव्हा दिसले की कळा गोळीनंतर तासाभराने येतात आणि तिसऱ्या तासापर्यंत जातात. गोळी थोड्या खाण्यासोबत देऊ लागल्यावर त्या सुसह्य झाल्या.

छातीच्या सीटी स्कॅनमध्ये थायमस वाढलेली होती, गाठ नव्हती. आजार आटोक्यात आल्यावर चार महिन्यांनी थायमस काढण्याची शस्त्रक्रिया ठरली आणि भूल देण्यासाठी त्यांनी मलाच बोलावले. या वेळी सकाळची पायरिडोस्टिग्मिनची गोळी नेहमीप्रमाणे दिली. रिलॅक्संट देण्यापूर्वीच आकडा दाखवणारा मॉनिटर लावून मूळ प्रमाण नोंदवले, ते 0.92 होते. मायस्थेनियात ते मुळातच 0.9 पेक्षा कमी असू शकते, आणि ते आधी माहीत नसेल तर शेवटी आपण न येणाऱ्या आकड्याची वाट पाहत बसतो. रोक्युरोनियम किलोमागे 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या निम्मे दिले, आणि शेवटी दोन हालचाली परत आल्यावर सुगामाडेक्स किलोमागे 2 मिलिग्रॅम. निओस्टिग्मिन दिले नाही. पायरिडोस्टिग्मिन घेणाऱ्या रुग्णात कोलिनएस्टरेज आधीच बरेच रोखलेले असते. त्यावर निओस्टिग्मिनने मिळणारे थोडे आणि धोका जास्त. चार मिनिटांत प्रमाण 0.92 वर परतले आणि नळी टेबलावरच काढली.

वेगळे काय करता आले असते

दुसरे ॲम्प्यूल न देण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण त्या रात्री वेगळे वागता आले असते अशा तीन जागा होत्या.

पहिली पापण्यांची. मी रुग्णाला ‘आजार आहे का’ असे विचारले. ‘संध्याकाळी काय जड जाते’ असे विचारले नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेतही त्या प्रश्नाला अर्धे मिनिट पुरते. उत्तर मिळाले असते तर रिलॅक्संटची निवड, मात्रा आणि ॲमिकासिन, तिन्ही बदलले असते.

दुसरी जागा रिव्हर्सलपूर्वीची. बारा वाजता स्टिम्युलेटर लावला असता तर कदाचित दोनच हालचाली दिसल्या असत्या आणि निओस्टिग्मिन द्यायला अजून वेळ आहे हे कळले असते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत निओस्टिग्मिनला केवळ अगदी थोडी शिथिलता उरलेली असतानाच, म्हणजे प्रमाण 0.4 ते 0.9 दरम्यान असताना, पर्याय मानले आहे. आणि मोजमाप अंगठ्यावर करावे, डोळ्यांभोवतीच्या स्नायूंवर नको, असे सांगितले आहे. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत आकडा दाखवणारा मॉनिटर नसतो. साधा स्टिम्युलेटर मात्र असतो, आणि चार हालचाली उतरणीशिवाय दिसेपर्यंत निओस्टिग्मिनचा हात आखडता घेणे त्यावरही जमते.

तिसरी जागा मोजमापाची. कॅल्शियम देण्याआधी आणि दिल्यानंतर मी हालचाल केवळ डोळ्यांनी पाहिली, म्हणून त्याचा उपयोग झाला की नाही हे आजही मला सांगता येत नाही. त्या रुग्णालयात आता स्टिम्युलेटर भूलयंत्राला दोरीने बांधलेला आहे, आणि भूलपत्रकात सक्सिनिलकोलिननंतरचा पहिला श्वास आणि रिव्हर्सलपूर्वीच्या हालचालींची संख्या यांसाठी दोन रकाने छापून घेतले आहेत.